धागा: सावंतवाडीची लाकडी भातुकली आणि गोधड्या टपालाने मेलबर्नला: फॉर्म, मजकूर आणि लागणारे दिवस

लाखकाम

मंडळी, मेलबर्नच्या एका ग्राहकाने दोन बाळगोधड्या आणि लाकडी भातुकलीचा एक संच मागवला आहे. पैसे बँकेत आले आहेत. माल टपालानेच पाठवायचा आहे, कारण कुरियरचा दर मालाच्या किमतीच्या पुढे जातो. माहिती अशी:

गोधड्या 2, प्रत्येकी 620 ग्रॅम, नवं सुती कापड, हाताने टाके घातलेल्या. दर प्रत्येकी 2,400 रुपये.
भातुकली 1 संच, 14 नग, लाखेचे रंग, 450 ग्रॅम. दर 1,400 रुपये.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, काढलेला आहे. तीन प्रश्न आहेत. फॉर्मवर मालाचं वर्णन नेमकं काय लिहायचं? लाकूड ऑस्ट्रेलियात अडवतात असं ऐकलंय, ते कितपत खरं? आणि ग्राहकाला किती दिवस सांगायचे?

मिलिंद_पुणे

फार विचार करू नका. स्मॉल पॅकेट करा, रजिस्टर करा, वर छोटा हिरवा फॉर्म चिकटवा आणि त्यावर 'गिफ्ट' वर खूण करा. किंमत हजारभर रुपये टाका. कोणी विचारत नाही. ग्राहकालाही तिकडे कर भरावा लागत नाही.

टपालखिडकी

मिलिंदराव, हा सल्ला काही वर्षांपूर्वी बरेच जण देत असत, पण आता तो अंगाशी येईल.

पहिलं म्हणजे, बाहेरदेशी स्मॉल पॅकेटची सेवा जानेवारी 2026 पासून बंद झाली आहे. हलक्या मालासाठी आता इंटरनॅशनल ट्रॅक्ड पॅकेट, म्हणजे आयटीपीएस, आणि घाई असेल तर ईएमएस स्पीड पोस्ट. ऑस्ट्रेलिया आयटीपीएसच्या यादीत सुरुवातीपासून आहे.

दुसरं, 'गिफ्ट'. ग्राहकाने पैसे मोजले म्हणजे ती विक्री झाली. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत तर गिफ्ट लिहून काही वाचतही नाही. तिथे 1,000 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या मालावर सीमेवर ना सीमाशुल्क लागतं ना जीएसटी. तो 10 टक्के जीएसटी विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो, पण ज्याची तिथली वार्षिक उलाढाल 75,000 डॉलरच्या पुढे आहे त्यानेच. लाखकाम यांचा माल 6,200 रुपयांचा, म्हणजे शे-सव्वाशे डॉलर. खरी किंमत लिहून ग्राहकाला एक पैसाही जास्त पडत नाही. खोटी किंमत लिहिली आणि पाकीट गहाळ झालं, तर भरपाईचा दावा मात्र त्या खोट्या किमतीवरच चालतो. शिवाय बँकेत आलेली रक्कम आणि कागदावरची रक्कम जुळत नाही, आणि तिथून वेगळीच डोकेदुखी सुरू होते.

फॉर्मचं सविस्तर रात्री लिहितो.

अश्विनी_नाशिक

आमची लेक सिडनीला असते. तिला दिवाळीचे बेसनलाडू आणि गोडा मसाला पाठवायचा आहे. तोही याच पद्धतीने पाठवता येईल का? डबा किती किलोचा चालेल?

मेलबर्नकर

अश्विनीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, तो वेगळ्या धाग्यात विचारा, म्हणजे नीट उत्तरं मिळतील. तूप-दूध घातलेले पदार्थ आणि मसाल्याच्या बिया यांना इथे स्वतःचे नियम आहेत, आणि ते लाकडाच्या नियमांपेक्षा कडक आहेत. एवढंच सांगतो की लाडू आणि भातुकली एका खोक्यात कधीही घालू नका. एका वस्तूपायी सगळं खोकं अडकतं.

आता लाकडाचं. लाकडी वस्तू इथे बंद नाहीत. पण टपालातून येणाऱ्या लाकडी, वेताच्या, सुक्या पानाफुलांच्या वस्तू जैवसुरक्षा खात्याचे लोक तपासतात, क्ष-किरणातून आणि कुत्र्यांकडूनही. ते बघतात ते असं: साल उरली आहे का, किडीची भोकं आहेत का, भुसा पडतोय का, माती किंवा बुरशी आहे का. यातलं काही दिसलं की ग्राहकाला पत्र जातं: स्वतःच्या खर्चाने औषधप्रक्रिया करून घ्या, परत पाठवा किंवा नष्ट करू द्या. प्रक्रियेचा खर्च बहुतेक वेळा खेळण्यांच्या किमतीहून जास्त येतो, म्हणून लोक 'नष्ट करा'वर खूण करतात आणि पैसे विक्रेत्याकडे परत मागतात.

रंगवलेला भाग बहुधा अडत नाही. अडतो तो न रंगवलेला: पोळपाटाची खालची बाजू, जात्याच्या खुंट्याचं भोक, भांड्याचं आतलं अंग. लाख वरून असते, कीड आतून येते.

लाखकाम

खालची बाजू आम्ही कोरीच ठेवतो. लाकूड आंब्याचं आहे, कातण्याआधी सावलीत वाळवलेलं. कीड आहे की नाही हे घरी कसं ओळखायचं?

टपालखिडकी

आंब्याचं लाकूड नीट वाळलं नाही तर त्याला बारीक भुंगा हमखास लागतो. फक्त सावलीत वाळवलेल्या लाकडात अंडी जिवंत राहू शकतात, म्हणून भट्टीत वाळवलेलं लाकूड मिळालं तर तेच घ्या. नसेल तर ही चाचणी करा.

संच पूर्ण झाला की काळ्या कागदावर ठेवून पारदर्शक पिशवीत बंद करा आणि दोन-तीन आठवडे तसाच राहू द्या. रोज हलवू नका. मग पिशवी न उघडता कागद बघा. पिठासारखी फिकट पूड एखाद्या नगाखाली ढिगासारखी साचली असेल तर कीड आत चालू आहे. नुसती इकडेतिकडे पसरलेली धूळ असेल तर ती कातकामाची असू शकते. ती पुसून पिशवी पुन्हा बंद करा आणि पुन्हा बघा. भोक टाचणीच्या टोकाएवढं, गोल आणि कडा स्वच्छ असेल तर ते किड्याचंच. असा नग संचातून काढा, त्यात मेण भरून पाठवू नका. तपासणाऱ्याला बुजवलेलं भोक उघड्या भोकापेक्षा जास्त संशयास्पद वाटतं.

कोऱ्या बाजूला लाखेचा पातळ हात दिला तर नवी कीड बाहेरून अंडी घालत नाही. आतली मात्र त्याने मरत नाही.

मेलबर्नकर

आणि भरणीत गवत, भाताचा पेंढा, तूस, लाकडाचा भुसा काही नको. फळांची किंवा अंड्यांची जुनी खोकी तर मुळीच नकोत. आत नाजूक भातुकली आहे म्हणून पेंढा लावायचा मोह होतो, पण खेळणी निर्दोष असली तरी पेंढ्यापायी पाकीट अडतं. कोरा कागद चुरगळून भरा. लाखकाम यांच्याकडे गोधड्या आहेतच, त्यांच्या घडीतच भांडी ठेवली तर वेगळी भरणी फारशी लागणार नाही.

एक आणखी. भातुकलीतले कप आणि झारे लहान मुलाच्या घशात जाण्याएवढे असतात. इथे 36 महिन्यांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांना सुटे बारीक भाग चालत नाहीत, आणि रंगातल्या शिशावरही मर्यादा आहे. 'तीन वर्षांवरील मुलांसाठी' असं नुसतं लिहून खुळखुळ्यासारखी वस्तू सुटत नाही, पण भातुकली मोठ्या मुलांचीच असते, तेव्हा ते संचावर लिहाच. ग्राहकाकडे तान्हं बाळ असेल तर भातुकली कोणासाठी आहे ते विचारून घ्या.

टपालखिडकी

आता फॉर्म.

विक्रीचा माल असेल तर डाक घर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी करून घ्या. आयईसी, पॅन, बँकेची माहिती लागते. त्यानंतर प्रत्येक पाकिटामागे पोर्टलवर निर्यातीचं पोस्टल बिल भरायचं, ज्याला सगळे पीबीई म्हणतात. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूनिहाय वर्णन, नग, वजन, किंमत, एचएस कोड म्हणजे मालाच्या प्रकाराचा सीमाशुल्कातला क्रमांक, आणि सोबत बीजकाची प्रत. पोर्टल त्यावरूनच बारकोडचं लेबल आणि सीमाशुल्काचा फॉर्म छापून देतं. तोच चिकटवा. खिडकीवर कोणी दुसरा फॉर्म हाताने भरायला सांगितला तर आकडे पहिल्याशी जुळवूनच भरा. एका ठिकाणी 1.690 किलो आणि दुसऱ्या ठिकाणी 1.7 असलं की मुंबईला पाकीट बाजूला निघू शकतं.

वर्णनाचं सूत्र सोपं आहे: वस्तू, काय केलंय, कशाचं, नवं. 'हँडिक्राफ्ट', 'डेकोरेटिव्ह आयटम', 'पर्सनल गुड्स' असे शब्द एकटे लिहू नका. ही माहिती पाकीट विमानात चढण्याआधी संगणकातून पुढे जाते. तिकडच्या माणसाला पाकीट दिसत नाही, तुमचे शब्दच दिसतात. शब्द मोघम असले तर पाकीट फोडून पाहण्यावाचून त्याला इलाज राहत नाही. तुमच्या मालासाठी मी असं लिहीन:

```
1) Baby quilt, hand-stitched, 100% cotton, new
   Qty 2   Net 1.240 kg   HS 940440   INR 4800   Origin IN
2) Toy kitchen set, turned wood, lacquered, no bark, new
   Qty 1 set (14 pcs)   Net 0.450 kg   HS 950300   INR 1400   Origin IN
Category: Sale of goods   Total INR 6200
```

'वुडन' लपवून 'टॉय सेट' लिहिण्याचा मोह टाळा. क्ष-किरणात लाकूड लाकडासारखंच दिसतं. कागदावर ते नसलं की संशय येतो, असलं की नुसती तपासणी होते.

टपालखर्च मालाच्या किमतीत मिसळू नका. बीजकात तो वेगळ्या ओळीत दाखवा.

हिशेबनीस

टपालखिडकी यांच्याशी एका ठिकाणी माझं जुळत नाही. गोधडीला 940440 बरोबर आहे का? तो कोड आत काही भरलेल्या दुलयांचा, रजयांचा. आपली गोधडी म्हणजे कापडाचे थर एकावर एक ठेवून घातलेले टाके, आत वेगळा कापूस नाही. ती पलंगपोसात, म्हणजे 6304 मध्ये, धरली पाहिजे असं मला वाटतं.

टपालखिडकी

मधले थर हेच भरण, असं मी धरतो. दोन बाहेरची कापडं आणि आत तिसरं-चौथं, म्हणजे आत बसवलेलं साहित्य झालंच. पण फक्त दोन थरांची पातळ गोधडी असेल तर तुमचा मुद्दा जड आहे. दोन्ही कोड लावणारे विक्रेते आहेत आणि दोन्ही पाकिटं जातात. लाखकाम, तुमच्या गोधडीत थर किती?

लाखकाम

चार. बाहेरचे दोन छापील, आतले दोन जुन्या धुतलेल्या धोतराचे. त्यामुळे 'न्यू' लिहायचं का, हाही प्रश्न आहे.

टपालखिडकी

ही बाब आधी सांगायला हवी होती. सगळं कापड नवं असं तुम्ही वर लिहिलंय, ग्राहकालाही बहुधा तसंच सांगितलं असेल. आत वापरलेलं कापड असेल तर 'न्यू' लिहू नका. एकतर या ऑर्डरसाठी आतले थर नव्या मांजरपाटाचे घाला, किंवा ग्राहकाला सांगून वर्णनात तसं लिहा. मी पहिला मार्ग घेईन. बाळाची वस्तू आहे आणि वापरलेल्या कापडावर प्रश्न विचारायला तपासणाऱ्याला जागा राहते. मांजरपाट आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात गोधडी सुरकुतते.

लाखकाम

बरोबर. नव्या कापडाच्या करते, वजन पुन्हा करून टाकते.

हिशेबनीस

हिशेबाचं एवढं बघा. आयईसी एकदा काढला की संपलं असं नाही. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या संकेतस्थळावर तो अद्ययावत करावा लागतो, काही बदल नसला तरी. त्याला पैसे पडत नाहीत, पण राहून गेलं तर कोड निष्क्रिय होतो, आणि ते कळतं पीबीई भरताना, म्हणजे पाकीट बांधून झाल्यावर.

जीएसटी नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरा, फॉर्म आरएफडी-11. मग निर्यातीवर कर भरून नंतर परतावा मागण्याची वेळ येत नाही. बीजकावर एलयूटीखाली निर्यात केल्याची ओळ हवी.

लाखकाम

जीएसटी नंबर नाही. उलाढाल तेवढी नाही. आयईसी त्याशिवायच निघाला.

हिशेबनीस

आयईसी पॅनवर निघतो, जीएसटी त्याला लागत नाही. पण नोंदणीशिवाय निर्यात चालते का, यावर सल्लागारांत दोन पक्ष आहेत. हस्तकलेच्या वस्तूंना परराज्यातल्या विक्रीसाठी नोंदणीतून मर्यादेपर्यंत सूट आहे. ती सूट निर्यातीलाही लागू धरायची की नाही, इथे मतं फुटतात. तुमच्या सीएकडून लेखी मत घ्या, तोंडी नको.

मिलिंद_पुणे

गिफ्टचा मुद्दा मान्य. पण दिवसांचं कोणी बोललंच नाही. माझ्या माहितीप्रमाणे आयटीपीएस आठवड्यात पोचतं.

टपालखिडकी

आठवड्यात पोचलं तर चांगलंच, पण ते ग्राहकाला सांगू नका. ग्राहकाला तीन ते चार आठवडे सांगा, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत त्यावर आणखी दोन. नाताळच्या गर्दीत तिकडची टपालघरं तुंबतात.

वेळ कुठे जातो ते समजून घेतलं की घाबरायला होत नाही. पहिला टप्पा तुमच्या गावापासून मुंबईपर्यंत. दुसरा मुंबईत, सीमाशुल्काचा अधिकारी पीबीई बघतो तो. त्याला शंका आली तर तो पोर्टलवर प्रश्न टाकतो आणि तुमचं उत्तर येईपर्यंत पाकीट हलत नाही. प्रश्नाचा मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये पडलेला असतो. म्हणून पाकीट दिल्यानंतर पहिले काही दिवस रोज पोर्टल उघडा, नुसतं ट्रॅकिंग बघून थांबू नका. बहुतेक 'हरवलेली' पाकिटं इथे उत्तराची वाट बघत पडलेली असतात.

तिसरा टप्पा सर्वात शांत. मुंबईहून रवाना झाल्याची नोंद पडते आणि मग काहीच नाही. पाकीट थैलीत असतं, थैली विमान कंपनीकडे असते आणि तिथे पाकिटावरचा बारकोड कोणी वाचत नाही. पुढची नोंद ऑस्ट्रेलियात थैली उघडल्यावर. मधले दहा-बारा दिवस कोरे गेले तर काही बिघडलंय असं समजू नका.

चौथा टप्पा जैवसुरक्षेची तपासणी. लाकूड आहे म्हणून इथे चार-पाच दिवस जास्त धरा.

मेलबर्नकर

भारतातून निघाल्यावर तोच क्रमांक ऑस्ट्रेलिया पोस्टच्या पानावर टाका. आयटीपीएसचा क्रमांक L ने सुरू होतो आणि IN ने संपतो, एकूण 13 अक्षरं-आकडे. इकडची नोंद तिथे आधी दिसते.

पत्त्याकडेही लक्ष द्या. आपल्याकडे 'अमक्या मंदिरामागे, तमक्या सोसायटीसमोर' असं लिहायची सवय आहे. लांब ओळ पोर्टलवर कापली जाते आणि नेमका घरक्रमांक उडतो. इथे `Unit 4/27` असं सुरुवातीलाच लिहितात, मग रस्ता, मग उपनगर, `VIC` आणि चार आकडी पोस्टकोड. ग्राहकाचा +61 ने सुरू होणारा मोबाइल नंबर टाकाच, कारण घरी कोणी नसलं तर चिठ्ठीऐवजी संदेश येतो.

लाखकाम

मापाचं राहिलं. खोकं 36 × 28 × 16 सेंटीमीटरचं आहे.

टपालखिडकी

तिन्ही बाजूंची बेरीज 80 होते. या प्रकारच्या पाकिटांना बेरीज 90 आणि सर्वात लांब बाजू 60 सेंटीमीटर ही मर्यादा आहे, तेव्हा बसतंय. वजन मात्र बघा. माल 1.690, खोकं आणि पट्ट्या धरून 1.870 च्या आसपास जाईल. 2 किलोच्या आत ठेवा. मांजरपाटाच्या गोधड्या धोतरापेक्षा जड निघतील, म्हणून खोकं बंद करण्याआधी पुन्हा काट्यावर ठेवा आणि आलेलं वजनच पोर्टलवर टाका. दोन किलोच्या पुढे गेलं तर भातुकली वेगळ्या पाकिटात काढण्यापेक्षा खोकं हलकं घ्या. दोन पाकिटं म्हणजे दोन पीबीई.

गोधडी हवा काढलेल्या पिशवीत घालणार असाल तर आधी दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवा. पावसाळ्यात किंचित दमट कापड तसं बंद केलं तर महिनाभराच्या प्रवासात बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि बुरशी वर सांगितलेल्या यादीत आहेच.

हिशेबनीस

पाकीट दिल्यावर पीबीईची प्रत, बीजक आणि पावती एकत्र ठेवा. परत आलं तर आपल्याच मालावर आयातशुल्क लागू नये म्हणून तो इथूनच गेला होता हे दाखवावं लागतं, आणि त्याला पीबीईचा क्रमांक लागतो.

मेलबर्नकर

आणि नाहीच पोचलं तर तक्रार ग्राहकाने करून उपयोग नाही. पाठवणाऱ्यानेच भारतातल्या टपालखात्याकडे करायची असते, पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. चौकशी इकडे येते, इथून उत्तर जातं. ग्राहक रागावून ऑस्ट्रेलिया पोस्टला फोन करत बसतो आणि मुदत निघून जाते.

लाखकाम

समजलं. आधी काळ्या कागदाची चाचणी लावते, तोवर गोधड्या नव्या कापडाच्या होतील. भातुकलीत एक उखळी आहे, तिच्या मुसळाचं टोक कोरं आहे आणि आत भोक नाही, पण लाकडाची गाठ आहे. गाठीला भेग आहे. ती चालेल?

टपालखिडकी

भेगेत पूड नसेल तर चालेल. पण भिंगातून बघा, आणि गाठीभोवती सालीचा तपकिरी पट्टा अडकलेला नाही ना तेही बघा. गाठीच्या कडेला साल आत वळून राहते, आणि कातताना ती लक्षात येत नाही. पट्टा असेल तर मुसळ बदला.